अर्धवट जुलै आणि पूर्ण जून: काकांच्या दुकानाच्या विक्रीच्या शीटच्या नोंदी

आमच्या काकांचं तालुक्याच्या गावी किराणा दुकान आहे, दर गुरुवारी आठवडी बाजार भरतो आणि त्या दिवशी गल्ला साध्या दिवसाच्या दुप्पट-अडीचपट असतो. एप्रिल २०२५ पासून रोजची विक्री मी गुगल शीटमध्ये घेतेय. कॉलम दोनच, तारीख आणि रक्कम. त्यावरून महिन्याचा ग्राफ करायला घेतला आणि त्यात जे जे चुकलं ते इथे तारखेनुसार टाकतेय, कुणी असंच काही करत असेल तर त्याचे दोन-तीन आठवडे वाचतील.

७ जुलै, सोमवार

आज पहिला ग्राफ केला. चार महिने, चार टिंबं, मधून रेघ. एप्रिल ६.०६ लाख, मे ६.४६, जून ६.१३ आणि जुलै १.५६. जुलैचे म्हणजे कालपर्यंतचे सहा दिवस. वरून मी शीटमधली `Trendline` पण टिक केली, म्हटलं दिशा कळेल.

काकांना संध्याकाळी फोनवर पाठवला. त्यांनी चष्मा वर करून बघितला, बोटाने रेघ शेवटपर्यंत नेली आणि एवढंच म्हणाले, "एवढं खाली आलंय होय?" मी म्हटलं काका, जुलै अजून चालू आहे, पण तोवर गिऱ्हाईक आलं आणि विषय तिथेच राहिला.

१० जुलै, गुरुवार, रात्री

ग्राफचा परिणाम आज दिसला. होलसेलवाल्याचा टेम्पो मंगळवारी येतो, काका दर वेळी साखरेची सहा पोती उतरवून घेतात, या मंगळवारी त्यांनी तीनच घेतली. धंदा खाली चाललाय तर माल कशाला अडकवून ठेवायचा, हा त्यांचा हिशोब, आणि त्यांनी जो ग्राफ बघितला होता त्यावरून तो हिशोब बरोबरच होता. आज बाजाराच्या दिवशी दुपारी एकला साखर संपली. शेजारच्या गावातून दोन पोती आणली, पोत्यामागे साठ रुपये जास्त देऊन, वर रिक्षाचं भाडं वेगळं. पैशापेक्षा वाईट हे की साखर नाही म्हटल्यावर बायका अख्खी यादी घेऊन पुढच्या दुकानात जातात, म्हणजे चहा, डाळ, तेल सगळंच गेलं. ही चूक पूर्णपणे माझी आहे.

रात्री बसून आकडे तपासले. पूर्ण झालेले तीनच महिने धरले तर रेघ जवळपास आडवी आहे, महिन्याला साडेतीन हजाराची चढ. त्यात जुलैचे सहा दिवस "एक महिना" म्हणून घातले की तीच रेघ महिन्याला जवळजवळ १.४ लाखाने खाली जाते. शीटला कळत नाही की चौथं टिंब सहा दिवसांचं आहे, तिला चारही टिंबं सारखीच. आणि शेवटचं टिंब टोकाला असल्यामुळे रेघेवर त्याचा जोर मधल्या टिंबांपेक्षा जास्त पडतो.

लगेच केलेली दुरुस्ती: ट्रेंडलाइन फक्त पूर्ण महिन्यांवर. त्यासाठी दोन वेगळे कॉलम केले, एकात पूर्ण झालेले महिने, दुसऱ्यात फक्त चालू महिना, आणि ट्रेंडलाइन पहिल्याच कॉलमला लावली. खरं सांगायचं तर तीन टिंबांवर ट्रेंड काढण्यातही अर्थ नाही, म्हणून नंतर तीही काढून टाकली.

११ जुलै, शुक्रवार

दुसरी कल्पना, जी बहुतेक सगळ्यांना पहिली सुचते. महिन्याची सरासरी काढून पूर्ण महिना किती होईल ते लिहायचं, म्हणजे आतापर्यंतची विक्री भागिले झालेले दिवस गुणिले ३१. कालपर्यंतचे आकडे टाकले आणि उत्तर सात लाखांच्या वर गेलं. आमच्या दुकानात सात लाखांचा महिना मी वहीत तरी बघितलेला नाही.

कारण शोधायला वेळ लागला नाही, काकांनाच विचारलं. पगार एक ते सात तारखेत होतात, महिन्याचा किराणा लोक पहिल्या दहा दिवसांत भरतात. साध्या दिवसाची विक्री पहिल्या दहा दिवसांत २२ हजारांच्या आसपास असते आणि नंतर १५ हजारांवर येते. म्हणजे पहिल्या दिवसांची सरासरी अख्ख्या महिन्याला लावली की आकडा फुगणारच. सोमवारी मी काकांना खोटी घसरण दाखवली होती, आज खोटी वाढ दाखवणार होते. पाठवला नाही.

म्हणून आता पुढे नेऊन गुणायचंच नाही, मागच्या महिन्यांना तिथेच कापायचं. जुलैचे नऊ दिवस झाले असतील तर जून, मे, एप्रिलचेही नऊच दिवस घ्यायचे. फॉर्म्युला हा, F2 मध्ये त्या त्या महिन्याची पहिली तारीख आणि H1 मध्ये आपण जिथपर्यंत मोजतोय ती तारीख:

```
=SUMIFS(Sales!B:B, Sales!A:A, ">="&F2,
  Sales!A:A, "<="&MIN(F2+DAY($H$1)-1, EOMONTH(F2,0)))
```

तो MIN विसरू नका. नाहीतर ३१ तारखेला जूनच्या बेरजेत एक जुलै घुसतो.

आधी H1 मध्ये मी `TODAY()` टाकलं होतं आणि सकाळी अकराला शीट उघडली तर आजच्या अर्ध्या दिवसाची तुलना जूनच्या पूर्ण दिवसाशी होत होती. महिन्याची जी चूक तीच दिवसाची. मग `TODAY()-1` केलं.

१२ जुलै, शनिवार

नऊ तारखेपर्यंतचे आकडे शेजारी शेजारी ठेवले. एप्रिल २.१४, मे २.३७, जून २.१८, जुलै २.११. म्हणजे जुलै सगळ्यांत खाली, मेपेक्षा तर अकरा टक्के कमी. मला वाटलं आता तरी तुलना सारखी आहे, तेव्हा ही घसरण खरी असणार. तरी पाठवायच्या आधी एकदा काकूला दाखवलं, कारण दुकानात बसते तीच जास्त.

काकूने ग्राफ बघितलाच नाही, भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. म्हणाली, "अगं मेमध्ये एक तारखेलाच गुरुवार होता, नऊपर्यंत दोन बाजार होऊन गेले. या महिन्यात एकच झाला." बरोबर. मेमध्ये १ आणि ८ ला बाजार, जुलैत नऊपर्यंत फक्त ३ चा. एका बाजाराचे ४० हजार असतात आणि साध्या दिवसाचे २२, म्हणजे फक्त वार कुठे पडला त्यावर १८ हजारांचा फरक. मेशी असलेल्या २६ हजारांच्या फरकातला मोठा हिस्सा तिथेच संपला.

तारीख सारखी म्हणजे तुलना सारखी असं नाही, हे मी कागदावर लिहून स्क्रीनला चिकटवलं. आता तक्त्यात प्रत्येक महिन्यापुढे "झालेले बाजार" असा एक कॉलम आहे. आकडा जुळत नसेल तर तो चौकोन पिवळा होतो आणि त्या महिन्याशी तुलना करायची नाही.

१४ जुलै, सोमवार

आजची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कारण ही मला ग्राफ बघून कधीच कळली नसती.

सहज परत नऊ तारखेपर्यंतची बेरीज बघितली तर २.११ च्या जागी २.२५ आलेलं. मी तर काही बदललं नव्हतं. आधी वाटलं फॉर्म्युला बिघडला, तासभर त्यात गेला. मग दादा म्हणाला, काल रविवारी रात्री त्याने उधारी चढवली.

आमच्याकडे रोख आणि यूपीआय रोज रात्री शीटमध्ये जातं, पण उधारी लाल पुठ्ठ्याच्या वहीत लिहिली जाते आणि दादा रविवारी रात्री आठवड्याची एकदम चढवतो, चढवलेल्या ओळीला निळ्या पेनाने बरोबरची खूण करतो. वही उघडून बघितली. सोमवार ७, मंगळवार ८, बुधवार ९, तीन दिवसांची उधारी १४ हजार. बरोबर तेवढाच फरक.

म्हणजे शनिवारी मी जेव्हा जुलै आणि जून शेजारी ठेवले तेव्हा जूनचे नऊ दिवस उधारीसकट होते आणि जुलैचे शेवटचे तीन दिवस उधारीशिवाय. खरा आकडा लावला तर जुलै २.२५ आणि जून २.१८, जुलै वर आहे. दिशाच उलटी झाली. आणि ही चूक दर आठवड्याला, दर महिन्याला होत राहिली असती. चालू महिना नेहमीच थोडा कमी दिसला असता, रविवारी उधारी चढेपर्यंत सगळ्यात जास्त कमी आणि सोमवारी बरोबर. जुना महिना आपोआप पूर्ण होतो म्हणून तिथे कुणाला काही जाणवत नाही.

तुमच्याकडे असं होतंय का ते ओळखायची सोपी पद्धत सांगते. आज एखाद्या ठरावीक तारखेपर्यंतची बेरीज कागदावर लिहून ठेवा आणि आठ दिवसांनी त्याच तारखेपर्यंतची बेरीज परत बघा. आकडा हलला असेल तर तुमच्याकडे उशिरा येणाऱ्या नोंदी आहेत. उधारी नसली तरी माल परत येणं, चेक, दुसऱ्या काउंटरचा हिशोब, काहीही असू शकतं.

उपाय दोन सुचले. एक, जूनचा आकडा त्या वेळी शीटमध्ये जसा दिसत होता तसा घ्यायचा, म्हणजे अर्धवटाची तुलना अर्धवटाशी. त्यासाठी रोजच्या बेरजा वेगळ्या साठवून ठेवायला लागतील, त्या माझ्याकडे नाहीत. दोन, तुलना फक्त ताळा झालेल्या दिवसापर्यंत करायची. हा दुसरा घेतला. H1 मधलं `TODAY()-1` काढलं आणि तिथे "ताळा तारीख" अशी साधी हाताने टाकायची तारीख ठेवली. दादाने रविवारी उधारी चढवली की तो स्वतः ती बदलतो. आज ती १३ जुलै आहे आणि पुढच्या रविवारपर्यंत तीच राहणार. काकांना आठवडाभर तोच ग्राफ दिसेल, पण जो दिसेल तो पूर्ण असेल.

१५ जुलै, मंगळवार

टेम्पोचा दिवस, म्हणून सकाळीच बसले. आता १३ तारखेपर्यंतची तुलना:

एप्रिल २.९९, मे ३.०४, जून ३.१०, जुलै ३.०६. चारही महिन्यांत १३ पर्यंत दोन-दोनच बाजार झालेत, उधारी सगळ्यांची चढलेली आहे. एकही चौकोन पिवळा नाही. धंदा जिथे होता तिथेच आहे, ना वर ना खाली. हे वाक्य काढायला मला आठ दिवस लागले.

काकांना विचारायचं होतं ते पुढचं, महिना किती होईल. इथे थोडं सविस्तर लिहिते.

सरासरीने ३.०६ भागिले १३ गुणिले ३१ केलं तर ७.३० लाख, हे चुकीचं आहे हे आता माहीत आहे. मग जूनच्या प्रमाणाने बघितलं. जूनमध्ये १३ पर्यंत महिन्याची ५०.६ टक्के विक्री झालेली होती, तेवढीच जुलैचीही झाली असं धरलं तर महिना ६.०५ लाख. एप्रिलच्या प्रमाणाने ६.२० आणि मेच्या प्रमाणाने ६.५०. तीन महिन्यांची तीन उत्तरं, फरक ४५ हजारांचा. यातलं कुठलं खरं मानायचं?

परत कॅलेंडर. जून आणि एप्रिल तीस दिवसांचे, १३ नंतर दोनच बाजार उरलेले. मे एकतीसचा आणि तीन बाजार उरलेले. जुलैही एकतीसचा आणि १७, २४, ३१ असे तीन बाजार बाकी. म्हणजे उरलेल्या महिन्याचा आकार फक्त मेशी जुळतो. मग प्रमाण सोडून सरळ उरलेले दिवस मोजले: तीन बाजार, प्रत्येकी ४० हजार, म्हणजे १.२० लाख. साधे १५ दिवस, प्रत्येकी १५ हजार, म्हणजे २.२५ लाख. यात झालेले ३.०६ मिळवले की ६.५१ लाख. मेच्या प्रमाणाने आलेल्या उत्तराच्या शेजारीच. हीच पद्धत ठेवली, काकांना तोंडाने समजावता येते आणि त्यांना ती तपासताही येते.

उरलेले गुरुवार शीट असे मोजते:

```
=NETWORKDAYS.INTL($H$1+1, EOMONTH($H$1,0), "1110111")
```

त्या सात आकड्यांत पहिला सोमवार, १ म्हणजे हा वार सोड आणि ० म्हणजे मोज. चौथा गुरुवार. तुमचा बाजार शनिवारी असेल तर शून्य सहाव्या जागी.

एकच आकडा दाखवायचा नाही असं ठरवलं. आतापर्यंतचा सगळ्यात पडेल बाजार ३३ हजारांचा आणि सगळ्यात जोराचा ४५ चा. तिन्ही बाजार पडेल गेले तर ६.३०, तिन्ही जोरात गेले तर ६.६६. तक्त्यात "६.३० ते ६.६६" असंच लिहिलंय. काकांनी वाचलं आणि साखरेची सहा पोती घेतली.

१७ जुलै, गुरुवार

ग्राफ नवीन केला, त्यात परत एक खड्डा.

आता आडव्या बाजूला १ ते ३१ तारखा आणि उभ्या बाजूला महिन्याच्या सुरुवातीपासूनची चढती बेरीज, प्रत्येक महिन्याची एक रेघ. बाजाराच्या दिवशी रेघ पायरी चढते ते छान दिसतं, दहा तारखेनंतर चढ कमी होतो तेही दिसतं. पण जुलैची रेघ १३ ला पोचून तिथून ३१ पर्यंत सरळ आडवी गेली, जणू दुकानच बंद पडलं. कारण पुढच्या तारखांची बेरीज SUMIFS तीच देत राहते, नवीन विक्री नाही म्हणून आकडा तोच. रेघ तिथे थांबायला हवी, म्हणून ताळा तारखेच्या पुढे आकडाच द्यायचा नाही:

```
=IF(DATE(2025,7,$A2)>$H$1, NA(),
  SUMIFS(Sales!B:B, Sales!A:A, ">="&DATE(2025,7,1),
  Sales!A:A, "<="&DATE(2025,7,$A2)))
```

मागचे महिने बारीक करड्या रेघेत, जुलै जाड हिरवी.

काकांना मात्र या रेघा जमल्या नाहीत. त्यांच्यासाठी उभे खांब केले, प्रत्येक महिन्याचा खांब दोन रंगांत. खाली गडद म्हणजे १३ तारखेपर्यंत, वर फिकट म्हणजे त्यानंतर. जुलैला फक्त गडद भाग. डोळा आपोआप गडदला गडद लावतो. त्यांनी दोन सेकंदात सांगितलं, "सारखंच आहे की." पहिल्याच दिवशी हे केलं असतं तर साखर संपली नसती.

२१ जुलै, सोमवार

मधे एक दिवस मागच्या वर्षीचा जुलै वहीतून चढवला, पूर्ण रविवार गेला त्यात. मला वाटलं मागच्या वर्षीचा तोच महिना म्हणजे सगळ्यात न्याय्य तुलना.

नऊ तारखेपर्यंत: २०२४ ला २.०१, यंदा २.२५. बारा टक्के वाढ! बाजारही दोन्हीकडे एकेकच. पण यंदा आषाढी ६ जुलैला आली आणि मागच्या वर्षी १७ ला होती. एकादशीच्या आदल्या दोन दिवसांत साबुदाणा, शेंगदाणे, भगर, राजगिरा यांची पोतीच्या पोती जातात, तो माल यंदाच्या नऊ दिवसांत आला आणि मागच्या वर्षीच्या नऊ दिवसांत नव्हता. काल ताळा झालेल्या २० तारखेपर्यंतचे आकडे बघितले, जिथे दोन्ही वर्षांची आषाढी आत येते आणि बाजारही तीन-तीन होतात: ४.१२ आणि ४.३६. वाढ सहा टक्क्यांच्या आत. अर्धी वाढ पंचांगाचीच होती. त्यातही भाववाढ किती आणि जास्त माल किती गेला हे रकमेवरून कळत नाही, त्यासाठी नगाचा हिशोब लागेल, तो आमच्याकडे नाही.

यावरून नऊ तारखेला जूनपेक्षा जुलै सात हजारांनी वर होता त्याचंही उत्तर मिळालं, ती एकादशीच असावी. १३ ला तो फरक संपून जुलै चार हजारांनी खालीच होता. असल्या फरकावरून काही बोलायचं नाही.

सणांसाठी शीटमध्ये काही हुशारी केलेली नाही. तारखेसमोर एक "विशेष" कॉलम आहे, काकू त्यात आषाढी, पौर्णिमा, लग्नतिथी, दुकान बंद असं लिहिते.

३ ऑगस्ट, रविवार

उधारी चढली, जुलै पूर्ण. ६.४७ लाख. १५ तारखेला ६.५१ लिहिलं होतं. पण हा चार हजारांचा फरक बघून खूश होऊ नका, आत दोन चुका एकमेकींना खाऊन गेल्यात. २४ चा बाजार पावसाने झोपला, २५ हजारच झाले, मी धरलेल्या सगळ्यात वाईट बाजारापेक्षाही खाली. आणि २५ पासून श्रावण लागल्यावर साधे दिवस थोडे वर गेले, त्यांनी ते भरून काढलं. पडेल बाजाराचा आकडा आता ३३ ऐवजी २५ केलाय, पट्टा रुंद झाला.

परवा १ तारखेला शीट उघडली तेव्हा ताळा तारीख २७ जुलैच होती, म्हणून शीट अजून जुलैच दाखवत होती आणि ते बरोबरच आहे. `TODAY()` वर चालणाऱ्या एका जुन्या चौकोनात मात्र `#DIV/0!` आलं, कारण महिन्याचे झालेले दिवस शून्य. तो चौकोन काढला. नियम केला की दोन बाजार होऊन ताळा झाल्याशिवाय पूर्ण महिन्याचा अंदाज दाखवायचाच नाही, तिथे नुसतं "अजून नाही" येतं.

११ ऑगस्ट, सोमवार

ताळा तारीख १० ऑगस्ट. झालेला बाजार एक, ७ तारखेचा. एप्रिल, मे आणि जुलैमध्ये दहापर्यंत दोन-दोन बाजार झालेले, ते तिन्ही चौकोन पिवळे, तुलनेला फक्त जून उरतो. एकाच महिन्याशी तुलना म्हणून आज काहीच पाठवलं नाही.

यंदा गणपती २७ ऑगस्टला आहेत, मागच्या वर्षी ७ सप्टेंबरला होते. म्हणजे गूळ, खोबरं, रवा, तूप यांची खरेदी यंदा ऑगस्टमध्ये येणार आणि मागच्या वर्षी तिचा मोठा भाग सप्टेंबरमध्ये होता. साध्या दिवसाचे १५ हजार शेवटच्या आठवड्याला लागू होणार नाहीत. त्यामुळे ऑगस्टचा अंदाज मी २० तारखेपर्यंतचाच देणार, पुढचं काकांच्या अनुभवावर. ऑगस्ट-सप्टेंबर एकत्र धरून दोन्ही वर्षांची तुलना सप्टेंबर संपल्यावर करेन.

आज संध्याकाळी काकांनी स्वतः विचारलं, "गडद खांब कधी देतेस?" म्हटलं रविवारी, उधारी चढल्यावर. दादाने वही मागवून घेतली आणि आजच्या ओळींना निळी खूण करायला लागला.